सुन्न हातातली शाबूत लाट: नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजीची पार्श्वभूमी

नर्व्ह कंडक्शन म्हणजे मज्जातंतूला विजेचा हलका झटका देऊन उमटणारी विद्युत लाट मोजणं, आणि ईएमजी म्हणजे स्नायूत सुई घालून त्याची विद्युत हालचाल तपासणं. या दोन तपासण्यांच्या रिपोर्टमागचे दोन मूळ विचार एकाच वर्षातले, 1850 मधले, आणि दोन्ही बेडकावरच्या प्रयोगांतून आलेले. संदेश मज्जातंतूतून किती वेगाने धावतो हे मोजणं अशक्य, असं हेल्महोल्ट्झचे गुरू म्युलर मानत. शिष्याने बेडकाचा एकच मज्जातंतू आधी स्नायूजवळ आणि मग दूर उद्दीपित केला, आणि स्नायू आकसायला लागलेल्या वेळांतला फरक काढला. वेग निघाला सेकंदाला साधारण 27 मीटर. दोन जागांची युक्ती आजही तीच आहे. स्नायूपर्यंत पोचल्यावर लागणारा वेळ दोन्ही मोजमापांत सारखाच असल्यामुळे तो वजाबाकीत उडून जातो.

त्याच वर्षी ऑगस्टस वॉलरने बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून दाखवलं की कापलेल्या जागेपुढचा भाग मरतो. मज्जातंतूतला प्रत्येक धागा जिवंत राहतो तो आपल्या पेशीच्या जिवावर. संवेदनेच्या धाग्यांची ही पेशी मणक्यात नसते. ती मणक्यातून बाहेर पडताना लागणाऱ्या गँगलियन नावाच्या गाठीत असते. ही गाठ पुढे फार कामाला आली.

माणसांच्या मज्जातंतूंची मोजणी नियमित व्हायला मात्र 1948 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. मग दोन तऱ्हा वेगळ्या ओळखू येऊ लागल्या. धागे म्हणजे ॲक्सॉन मेले, तर लाटेची उंची घटते, पण उरलेले धागे जवळपास नेहमीच्याच वेगाने धावतात. धाग्यांवरचं मायलिनचं आवरण गेलं, तर लाट उशिरा येते, पसरते किंवा वाटेतच अडते. आनुवंशिक विकारांत हाताच्या मीडियन मज्जातंतूसाठी 38 मीटर प्रतिसेकंद ही सीमारेषा 1980 पासून चालत आली आहे. त्याखाली बहुधा मायलिनचा आजार, वर ॲक्सॉनचा. फक्त आधी हातपाय गरम करून घ्यावेत. थंड पायात वेग दर अंशाला सुमारे दोन मीटरने घसरतो आणि निरोगी माणूस मायलिनचा रुग्ण ठरतो.

रूटच्या, म्हणजे मज्जातंतूच्या मणक्यापाशी असलेल्या मुळाच्या, इजेचं कोडं सुटलं ते 1958 मध्ये. लंडनमध्ये बॉनी आणि गिलियट यांनी खांद्याला हिसका बसून हात लुळा पडलेले रुग्ण तपासले. काहींच्या हाताला स्पर्श अजिबात कळत नव्हता, तरी बोटाकडून येणारी संवेदनेची लाट शाबूत होती. कारण वॉलरच्या गाठीत होतं. रूट गाठीच्या आतल्या, मणक्याकडच्या बाजूला तुटलं होतं. पेशी आणि हातातला धागा एकमेकांना जोडलेले राहिले, मेंदूशी संबंध तेवढा तुटला. मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

हे सगळं एका रुग्णात कसं एकत्र येतं ते पाहू. समजा, फरशी बसवणारा एक कारागीर दिवसभर उकिडवा बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उजवं पाऊल वर उचलेना. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल4 आणि एल5 मणक्यांमधली डिस्क थोडी सरकलेली दिसते, तीच एल5 चं रूट दाबत असेल असं वाटतं, आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. चौथ्या दिवशी पाऊल उचलणाऱ्या स्नायूंच्या पेरोनियल मज्जातंतूची तपासणी केली तर घोट्यापाशी आणि गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाखाली उद्दीपन दिल्यावर लाट ठणठणीत, गुडघ्याच्या वर दिल्यावर एकदम छोटी. मायलिनमुळे संदेश अडला असं वाटतं, पण खात्री देता येत नाही. तुटलेल्या धाग्याचा पुढचा भागही काही दिवस संदेश वाहतो, हे गिलियट आणि टेलर यांनी 1959 मध्ये चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाखवलं होतं.

म्हणून चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी. आता घोट्यापाशीच लाट 0.9 मिलिव्होल्ट आहे, डाव्या पायात 4.8. वेग मात्र सेकंदाला 41 मीटर, म्हणजे ठीकच. पावलाच्या वरच्या त्वचेची संवेदनेची लाट उजवीकडे उमटतच नाही. इजा ॲक्सॉनची आहे, आणि गाठीच्या पलीकडची, म्हणजे पायाकडची. तरी सावध राहावं लागतं, कारण काही माणसांत एल5 ची गाठ मणक्याच्या आतच असते आणि डिस्कच तिला दाबू शकते.

ही शंका ईएमजीची सुई मिटवते. पाऊल वर उचलणाऱ्या टिबियालिस अँटेरियरमध्ये सुई घातली की स्नायू पूर्ण सैल असतानाही पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा नियमित टपटप आवाज येतो. ही फिब्रिलेशन्स, मज्जातंतू गमावलेल्या स्नायूची खूण. पायात ती दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. टिबियालिस पोस्टेरियर या पायाच्या दुसऱ्या स्नायूलाही एल5 चं रूटच पुरवठा करतं, पण दुसऱ्या मज्जातंतूतून. तिथे शांतता. कुल्ह्याचा ग्लुटियस मीडियस शांत, पाठीच्या कण्यालगतचे स्नायूही शांत. मांडीतल्या बायसेप्स फेमोरिसच्या आखूड भागाला याच पेरोनियल मज्जातंतूचा फाटा गुडघ्याच्या वर मिळतो. तोही शांत. मज्जातंतू दबला तो गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या मानेपाशी, आणि डिस्क फक्त एमआरआयमध्ये होती.