५,३७७ मृत्यू एका संध्याकाळी कमी कसे झाले: ब्रिटनच्या कोविड डॅशबोर्डवरील एका टिपेची पार्श्वभूमी

१२ ऑगस्ट २०२० रोजी ब्रिटिश सरकारच्या कोविड डॅशबोर्डवरील एकूण मृत्यूंचा आकडा ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला. आदल्या दिवसापर्यंत मोजलेले ५,३७७ मृत्यू एकूण बेरजेतून वगळले गेले होते, आणि ते सगळे इंग्लंडमधले होते. इंग्लंडचा आकडा ४२,०७२ होता, तो ३६,६९५ झाला. सोबतच्या टिपेचा आशय एवढाच होता की, या दिवसापासून पॉझिटिव्ह चाचणीनंतर २८ दिवसांच्या आत झालेले मृत्यूच मुख्य आकड्यात धरले जातील. हा बदल का करावा लागला, हे त्या एका वाक्यातून समजत नाही. त्यासाठी आधीच्या चार महिन्यांत आकडा कसा काढला जात होता ते पाहावे लागते.

साथीच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये फक्त रुग्णालयांनी कळवलेले मृत्यू मोजले जात. वृद्धाश्रमांत आणि घरी झालेले मृत्यू त्यात येत नसत, आणि एप्रिल २०२० मध्ये यावरून बरीच टीका झाली. पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेने २९ एप्रिलपासून नवी पद्धत आणली. ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे अशा सर्वांची यादी राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मध्यवर्ती नोंदवहीशी रोज ताडून पाहायची आणि त्यातले जे मृत दिसतील ते सगळे मोजायचे. मृत्यू कुठे झाला, याला आता महत्त्व उरले नाही. त्या दिवशी मागील आठवड्यांतले ३,८११ मृत्यू इंग्लंडच्या बेरजेत नव्याने धरले गेले आणि ब्रिटनचा एकूण आकडा २६,०९७ झाला.

त्या घडीला ही पद्धत चुकीची होती असे म्हणता येणार नाही. आजार नवा होता. संसर्गानंतर रुग्ण किती दिवसांनी दगावू शकतो, याचा कोणालाच नीट अंदाज नव्हता, आणि मृत्यूच्या दाखल्यावरील कारण हाती येईपर्यंत एक-दोन आठवडे जात. नोंदवही ताडण्याचे काम मात्र रोज होऊ शकत होते. म्हणूनच मुदतीची कोणतीही अट घातली गेली नाही, आणि पुढची अडचण नेमकी या न घातलेल्या अटीतून उभी राहिली.

अट नसल्यामुळे एकदा यादीत आलेले नाव कधीच बाहेर पडत नव्हते. मार्चमध्ये पॉझिटिव्ह आलेली, बरी होऊन घरी गेलेली आणि जुलैमध्ये अपघातात किंवा हृदयविकाराने वारलेली व्यक्तीसुद्धा कोविड मृत्यूंत गणली जात होती. एप्रिलमध्ये याने फारसे बिघडले नाही, कारण तेव्हा यादीतली बहुतेक माणसे नुकतीच आजारी पडलेली होती आणि दररोजचे मृत्यू शेकड्यांत होते. मात्र यादी दिवसेंदिवस लांबत होती आणि साथ ओसरत होती.

याचा परिणाम किती असू शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ताडता येते. समजा, यादीत बरे झालेले ५०,००० वृद्ध आहेत आणि त्या वयोगटात वर्षाला दहा टक्के लोक कोणत्या ना कोणत्या कारणाने मृत्यू पावतात. म्हणजे वर्षाला ५,००० मृत्यू, दिवसाला सुमारे चौदा. दिवसाला ८०० मृत्यू होत असताना हे चौदा कोणाच्या लक्षात येणार नाहीत. पण खरे कोविड मृत्यू दिवसाला तीस-चाळीसवर आले की तेच चौदा आलेखाचा उतार रोखून धरतात. त्यातही साथ पूर्ण थांबली तरी हा आकडा शून्यावर येणार नाही, कारण यादीतील माणसे नैसर्गिक क्रमाने वारतच राहतील.

स्कॉटलंडमध्ये पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीनंतर २८ दिवसांची मर्यादा आधीपासून होती. त्यामुळे जुलैमध्ये तिथे मृत्यू जवळपास थांबलेले दिसत होते आणि इंग्लंडमध्ये मात्र ते दिवसाला काही डझनांच्या खाली येत नव्हते. दोन देशांच्या साथींत खरा फरकही होता, पण मोजणीतला फरक त्यात मिसळल्यामुळे कोणता भाग कशाचा, हे आकड्यावरून सांगता येत नव्हते. यून लोक आणि कार्ल हेनेघन या दोन प्राध्यापकांनी १६ जुलैला ही विसंगती जाहीरपणे मांडली. या पद्धतीनुसार इंग्लंडमध्ये कोविडमधून कोणी कधीच बरे होऊ शकत नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. दुसऱ्याच दिवशी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी तातडीने फेरतपासणी करायला सांगितले आणि दैनंदिन मृत्यूंचे प्रकाशन थांबवण्यात आले. १२ ऑगस्टची टीप हे त्या तपासणीचे फलित होते.

मर्यादा घालताना दुसऱ्या बाजूची चूक होण्याचा धोका होता. समजा, एका रुग्णाची चाचणी १ एप्रिलला पॉझिटिव्ह आली, तो चाळीस दिवस अतिदक्षता विभागात राहिला आणि ११ मे रोजी वारला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण कोविडच आहे. तरीही २८ दिवसांच्या नियमाने तो मोजला जाणार नाही. या कारणासाठी तपासणीने आणखी एक माप सुचवले: ६० दिवसांच्या आत झालेले मृत्यू आणि त्यानंतरचे, पण दाखल्यावर कोविडचा उल्लेख असलेले मृत्यू. जुन्या पद्धतीने मोजलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ८८ टक्के २८ दिवसांच्या आतले होते, आणि या दुसऱ्या मापात सुमारे ९६ टक्के बसत होते. म्हणजे वगळलेल्या ५,३७७ मृत्यूंपैकी बरेचसे दुसऱ्या मापात परत येतात. हे लक्षात घेतले, तर 'सरकारने पाच हजार मृत्यू फुगवले होते' असा जो सूर त्या वेळी काहींनी लावला, तो टिकत नाही. शिवाय दाखल्यांवरून होणाऱ्या साप्ताहिक मोजणीत केवळ इंग्लंड आणि वेल्सचाच आकडा तेव्हा ५०,००० च्या वर होता, कारण चाचणी न होताच वारलेले लोकही त्यात येत होते. २८ दिवसांचे माप हे खऱ्या संख्येपेक्षा कमी दाखवणारे, पण कल लवकर आणि स्थिरपणे दाखवणारे माप होते, आणि रोजच्या डॅशबोर्डसाठी निवड करताना हाच निकष योग्य होता असे मला वाटते.

आता प्रश्न उरतो तो जुन्या तारखांचा. पद्धत बदलताना मागची सगळी मालिका नव्या नियमाने पुन्हा काढायची, की त्या दिवसापासून पुढचेच आकडे नव्या नियमाने द्यायचे? १२ ऑगस्टला पहिला मार्ग घेतला गेला. मार्चपासूनची मालिका नव्याने काढण्यात आली, त्यामुळे डॅशबोर्डवरील आलेखात कुठेही पायरी दिसत नाही. पायरी दिसते ती ज्याच्याकडे ११ ऑगस्टपर्यंत उतरवून ठेवलेली जुनी प्रत आहे त्यालाच. त्याने नवे आकडे जुन्या तक्त्याच्या खाली जोडले, तर त्याच्या आलेखात मृत्यू एकाएकी घटलेले दिसणार, आणि टीप वाचली नसेल तर त्याला कारण कळणार नाही.

दुसऱ्या मार्गाने काय होते, हे त्याच डॅशबोर्डवर महिनाभर आधी दिसले होते. २ जुलैला रुग्णसंख्येतून दुहेरी नोंदी काढून टाकण्यात आल्या. एकच व्यक्ती रुग्णालयाच्या आणि बाहेरच्या, अशा दोन्ही प्रयोगशाळांच्या यादीत आली असेल, तर ती आता एकदाच धरली जाऊ लागली. एकूण रुग्णसंख्या १ जुलैला ३,१३,४८३ होती, ती २ जुलैला २,८३,७५७ झाली. जगभर आकडे गोळा करणाऱ्या अनेकांचे प्रोग्राम आजच्या बेरजेतून कालची वजा करून नवे रुग्ण काढत होते; त्यांना ब्रिटनसाठी उणे २९,७२६ असे उत्तर मिळाले. एका अर्थाने असा अशक्य आकडा बरा, कारण तो पाहणाऱ्याला थांबवतो आणि टीप शोधायला लावतो. मृत्यूंच्या मालिकेसारखी सफाईदार दुरुस्ती मात्र कोणालाही थांबवत नाही.

पद्धतीतला बदल आणि नोंदींचा ताळमेळ या दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवायला हव्यात. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या बेरजेत आधीचे १,३२८ मृत्यू एकदम धरले गेले. त्यातले ८६२ मुंबईचे होते. ती उडी मोठी होती, पण कोविड मृत्यू कोणाला म्हणायचे याची व्याख्या त्या दिवशी बदलली नव्हती. राहून गेलेल्या नोंदी आल्या होत्या. ताळमेळानंतर जुन्या तारखांचे आकडे योग्य त्या दिवशी नेऊन बसवले की तुलना पुन्हा जमते. व्याख्या बदलली असेल, तर तेवढ्याने भागत नाही.

१२ ऑगस्टच्या बदलात एक गोष्ट फार नीट झाली, आणि तिची चर्चा क्वचितच होते. नियम टिपेत लिहून भागवले नाही, तर तो आकड्याच्या नावातच घातला गेला. डॅशबोर्डवरील मथळा 'पॉझिटिव्ह चाचणीनंतर २८ दिवसांत झालेले मृत्यू' असा झाला आणि माहिती उतरवून घेणाऱ्यांसाठीचे रकानेही तसेच झाले:

```
newDeaths28DaysByPublishDate
newDeaths28DaysByDeathDate
newDeaths60DaysByPublishDate
```

हा रकाना कोणत्याही तक्त्यात, कोणत्याही देशात उतरवला गेला, तरी २८ दिवसांची अट त्याच्याबरोबर जाते. मृत्यूची तारीख धरली आहे की प्रसिद्धीची, हेही नावातच आहे.

रुग्णसंख्येच्या बाबतीत ही काळजी तेवढी घेतली गेली नाही. ३१ जानेवारी २०२२ पर्यंत इंग्लंडमध्ये एका व्यक्तीचा संसर्ग एकदाच मोजला जात होता. त्या दिवसापासून दोन पॉझिटिव्ह चाचण्यांमध्ये किमान ९१ दिवसांचे अंतर असेल, तर दुसरा संसर्ग स्वतंत्र धरला जाऊ लागला. ओमायक्रॉनमुळे पुन्हा लागण होणाऱ्यांची संख्या वाढल्याने हा बदल आवश्यकच होता, आणि चाचणीच्या तारखेनुसारची मालिका मागेपर्यंत सुधारण्यात आली. पण `newCasesBySpecimenDate` हे रकान्याचे नाव तेच राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये उतरवलेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उतरवलेली फाइल शेजारी ठेवली, तर एकाच नावाच्या रकान्यात, एकाच तारखेसमोर वेगळे आकडे दिसतात. याचे कारण फक्त टिपेत सापडते. जुन्या मालिकेशी तुलना करायची असेल, तर पहिल्या संसर्गांचा स्वतंत्र रकाना, `newFirstEpisodesBySpecimenDate`, वापरावा लागतो.

मृत्यूंच्या मापालाही याची झळ पोहोचली. '२८ दिवस' हे पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीपासून मोजले जात होते. २०२० मध्ये लागण होऊन बरी झालेली आणि २०२२ मध्ये दुसऱ्या लागणीत दगावलेली व्यक्ती त्यामुळे कोविड मृत्यूंत येतच नव्हती. म्हणून दिवस मोजायला सुरुवात आता अलीकडच्या संसर्गातील पहिल्या चाचणीपासून होऊ लागली. रकान्याच्या नावातील २८ चा आकडा कायम राहिला, त्याचा आरंभबिंदू मात्र सरकला. पुढे सरसकट चाचण्या बंद झाल्यावर चाचणीवर उभे असलेले हे माप आपोआपच कमकुवत होत गेले, आणि २०२३ मध्ये डॅशबोर्डवरचा मुख्य आकडा मृत्यूच्या दाखल्यावर नोंदलेल्या कारणावरून दिला जाऊ लागला.