जोत्यावरील ओलरोधक थर (डीपीसी)

जमिनीतील ओल भिंतीतून वर चढू नये म्हणून जोत्याच्या माथ्यावर भिंतीच्या पूर्ण रुंदीत घातलेला काँक्रीटचा पातळ थर. बांधकामावर त्याला 'डीपीसी' म्हणतात. विटा आणि कोकणातला जांभा सच्छिद्र असतात. त्यांच्या बारीक छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर ओढले जाते. म्हणून हा थर बाहेरच्या जमिनीपासून निदान 150 मिमी उंचीवर हवा. आरसीसी जोतेतुळई असलेल्या घरात ती तुळईच बऱ्याच अंशी हे काम करते.

थराची जाडी बहुधा 40 मिमी आणि सिमेंट, वाळू आणि खडीचे मिश्रण 1:2:4 असते. एवढ्या पातळ थरासाठी 12 मिमीपर्यंतची बारीक खडी लागते. जलरोधक पावडरचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 50 किलोच्या गोणीला 1 किलो असे सहसा धरतात. द्रव रसायनाची मात्रा उत्पादनागणिक बदलते, तेव्हा डब्यावरचा आकडा पाळावा.

उदाहरणार्थ, मध्यरेषेने 8 × 6 मीटरचे, मधे 6 मीटरची एक आडवी भिंत असलेले घर घेऊ. भिंती 230 मिमी जाडीच्या. एकूण लांबी 34 मीटर होते. आडव्या भिंतीच्या दोन्ही टोकांना अर्धी जाडी दुहेरी मोजली गेली, म्हणून 0.23 मीटर वजा. दाराच्या जागी थर घालत नाहीत. तीन दारांचे 2.8 मीटर गेल्यावर 30.97 मीटर उरतात. त्याला 0.23 आणि 0.04 ने गुणले की 0.285 घनमीटर काँक्रीट येते. सुक्या मालासाठी 1.54 ने गुणून 0.439, त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे 0.063 घनमीटर, वजनाने सुमारे 90 किलो किंवा 1.8 गोण्या. पावडर 1.8 किलो. थोडक्यात, एका गोणीत अशी साधारण 17 मीटर भिंत होते.

प्रत्यक्षात चूक बहुधा इथेच होते. गवंडी पहिल्या गोणीत पावडरचा अख्खा पुडा ओततो आणि दुसरी कोरीच जाते. पावडर दर गोणीच्या सिमेंटमध्ये सुकीच एकजीव करावी, द्रव मात्र कालवायच्या पाण्यात मिसळावे. मात्रा वाढवून काँक्रीट जास्त जलरोधक होत नाही, उलट ते उशिरा घट्ट होऊ शकते. पाणी जास्त झाले किंवा ठोकणी कमी पडली, तर राहिलेली पोकळी कोणतेही रसायन बुजवत नाही.

दोन्ही कडांना फळ्या लावून थर शक्यतो सलग ओततात आणि सात दिवस पाणी मारतात. पृष्ठभाग सुकल्यावर गरम डांबराचा हात देण्याचीही पद्धत आहे.

थर उत्तम असूनही ओल येते, तेव्हा आधी बाहेर पाहावे. अंगणात भर घालून माती थराच्या वर गेली, किंवा गिलावा थराची कड झाकून जमिनीपर्यंत उतरवला, की ओलीला बाहेरून वाट मिळते. अशी ओल भिंतीच्या पायथ्याशी लांबवर, जवळपास एका उंचीच्या पट्ट्यात दिसते आणि वरच्या कडेला लोणा फुटतो. एकाच जागी, वरून खाली ओघळलेला डाग असेल तर संशय नळावर घ्यावा.