गरम पाण्याच्या लाईनचे पाईप: तांबं, प्लास्टिक की स्टील (इंदूरच्या घरांसंदर्भात)

घरातल्या गीझर, गॅस गीझर किंवा गच्चीवरच्या सोलरपासून नळापर्यंत गरम पाणी नेणारी जी लाईन असते तिच्यासाठी आज इंदूरच्या बाजारात तीन प्रकार मिळतात, तांब्याचा पाईप, प्लास्टिकचा (म्हणजे मुख्यतः सीपीव्हीसी, थोडाफार पीपीआर) आणि पातळ भिंतीचा स्टेनलेस स्टीलचा. जुन्या घरांतून, रामबाग-लोकमान्यनगर बाजूच्या वाड्यांतून, अजून जीआय पाईप सापडतो, पण गरम पाण्यासाठी तो आता कुणी नव्यानं टाकत नाही आणि टाकूही नये. त्याच्यावरचं जस्ताचं कोटिंग लोखंडाला वाचवतं ते थंड पाण्यात, पाणी ६० अंशांच्या आसपास गेलं की कित्येकदा उलट होतं, जस्त वाचतं आणि खालचं लोखंडच खाल्लं जातं, मग सकाळी नळातून पहिलं पाणी तांबूस येतं.

लोक विचारतात की तिघांपैकी चांगला कोणता. खरं तर आधी विचारायला हवं ते हे की पाणी जास्तीत जास्त किती गरम होणार, कारण निवड बरीचशी तिथंच ठरते. बाथरूममधला साठवणीचा गीझर थर्मोस्टॅटवर चालतो, ६०-६५ अंशांना बंद पडतो, काही मॉडेलं ७५ पर्यंत जातात, आणि वर सेफ्टीसाठी कटआउट असतो. सीपीव्हीसी ८२ अंशांवर सतत चालेल असा बनवलेला असतो (आपल्याकडं त्याचं मानक आयएस १५७७८) आणि ९३ अंश ही त्याची थोड्या वेळापुरती कमाल मर्यादा धरतात. म्हणजे गीझरच्या लाईनला सीपीव्हीसी आरामात पुरतो, त्यासाठी तांब्यावर पैसे घालवायचं काही कारण नाही. साधा पांढरा किंवा राखाडी यूपीव्हीसी मात्र गरम लाईनला अजिबात नाही, तो ४५ अंशांपुढं नेऊ नये असंच कंपन्या सांगतात. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात, सीपीव्हीसी बहुतेक फिकट पिवळसर असतो, पण रंगावर जाऊ नका, पाईपवर छापलेलं वाचा.

गडबड होते ती सोलरमध्ये. इंदूरला गच्च्यांवर काचेच्या नळ्यांचे, व्हॅक्यूम ट्यूबवाले सोलर भरपूर आहेत आणि त्यांना थर्मोस्टॅट नसतो, सूर्य तापवेल तेवढं पाणी तापतं. जानेवारीत ते ५०-६० अंश देतात आणि सगळे खूश असतात, पण मे महिन्यात गरम पाणी कुणालाच नको असतं, त्यात घरचे आठ दिवस गावाला गेले की टाकीतलं पाणी ९० च्या वर जातं आणि व्हेंट पाईपमधून वाफ यायला लागते. परत आल्यावर कुणीतरी खालचा नळ उघडतो आणि तेच पाणी सगळ्या लाईनमधून धावतं.

आता एक नमुन्याचं घर घेऊ. लोकमान्यनगरमधलं दोन मजली घर, गच्चीवर २०० लिटरचा सोलर, तिथून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत १४ मीटर लाईन, त्यातली १० मीटर बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली. प्लंबर म्हणतो, "सीपीव्हीसी लगा दो भैया, सब चलेगा." त्याचं म्हणणं दाबाच्या बाबतीत चूक नाही. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्यापर्यंत १० मीटर उंची म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपासच, आणि जाड भिंतीचा, म्हणजे एसडीआर ११ चा सीपीव्हीसी ८२ अंशांनाही सुमारे ७ किलो दाब धरतो (थंडीत २८ धरतो, म्हणजे गरम झाल्यावर त्याची ताकद पावावर येते, हे लक्षात ठेवावं). तेव्हा पाईप काही फुटत नाही, तो मऊ पडून वाकतो. दोन क्लॅम्पमधलं अंतर जास्त असेल तर आडवी लाईन कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागते, आणि पितळी आटे बसवलेल्या जोडांपाशी, जिथं धातू आणि प्लास्टिक वेगवेगळं फुगतं, तिथून थेंब पडायला लागतो. गरम सीपीव्हीसीला आडवं जाताना अडीच फुटांवर क्लॅम्प हवा आणि तो पाईपला सरकू देणारा हवा, आवळून टाकलेला नको.

सरकू देण्याची भानगड का, तेही बघू. जानेवारीच्या पहाटे पाईप १० अंशांवर असतो आणि दुपारी नळ उघडला की ६० वर जातो, म्हणजे ५० अंशांचा फरक. एवढ्या फरकाला आपल्या १० मीटरच्या उभ्या लाईनमध्ये सीपीव्हीसी साधारण ३० मिलिमीटर लांब होतो, पीपीआर ७५ मिलिमीटर, आणि तांबं किंवा स्टील ८-९ मिलिमीटर फक्त. तीन सेंटिमीटर म्हणजे कमी नाही, ते कुठंतरी जायला हवेत, त्यामुळं मधे एल्बो देऊन लाईन बाजूला वळवून परत आणतात, त्या वळणात वाढ जिरते. बहुतेक घरांत हे वळण दिलेलंच नसतं आणि वर-खाली दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की केलेली असतात, मग दोन-तीन वर्षांनी टी किंवा एल्बोपाशी चीर जाते आणि दोष जोड चिकटवणाऱ्या सोल्युशनवर येतो.

सोलरसाठी पुष्कळ ठिकाणी असा उपाय सांगतात की टाकीपासून पहिले दोन मीटर धातूचे टाका आणि पुढं सीपीव्हीसी. पाणी उभं असताना टाकीची उष्णता पाईपमधून सरकते तेवढ्यापुरतं हे बरं, पण नळ उघडल्यावर ९० अंशांचं पाणी दोन मीटरमध्ये एक-दोन अंशही थंड होत नाही, ते पुढच्या प्लास्टिकमध्ये तसंच शिरतं. त्यामुळं माझ्या मते दोनच रस्ते आहेत. एक, टाकीच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा, जो थंड पाणी मिसळून पुढं ५५-६० अंशच सोडतो, टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत धातू आणि नंतर निर्धास्त सीपीव्हीसी. यात थंड पाणी त्याच गच्चीवरच्या टाकीतून यायला हवं, कारण थंड बाजूला प्रेशर पंप असेल आणि सोलरला नसेल तर थंड पाणी गरम लाईनमध्ये घुसून उलटं सोलरच्या टाकीत चढतं, म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्हही हवा. शिवाय वरच्या मजल्याला उंची दीड-दोन मीटरच मिळते, तेव्हा कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह मागून घ्या, नाहीतर शॉवरला धारच येणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे उभी लाईन पूर्ण धातूची करणं आणि फक्त बाथरूमच्या आत सीपीव्हीसी, पण त्यालाही तेच कढत पाणी येणार, लहान मुलांचं घर असेल तर व्हॉल्व्ह तरीही लागेलच.

धातूच घ्यायचा तर कोणता. तांबं गरम पाण्यात चांगलं टिकतं, उन्हानं खराब होत नाही आणि दाबाचा प्रश्न नाही. नर्मदेचं पाणी (जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून येतं, १९७८ पासून) आणि माळव्यातलं बोअरचं जड पाणी, दोन्ही घरात मिसळून येतात, जड पाण्याचा क्षार पाईपच्या आत पातळ थर धरतो, तो तांब्याला तसा वाचवतोच. तांबं खातं ते आंबट, हलकं पाणी, आणि पाण्याचा वेग, म्हणून गरम पाणी सतत फिरवणाऱ्या पंपवाल्या लाईनमध्ये बारीक तांबं घालू नये, एल्बोच्या आतली बाजू झिजते. बेसिनवर निळसर-हिरवे डाग दिसले तर तांबं विरघळतंय असं समजावं. अजून एक, तांब्यानंतर पुढं जीआयचा तुकडा ठेवू नये, तांब्याचे कण लोखंडावर बसतात आणि तिथं भोकं पडतात. खरी अडचण कारागिराची आहे. घरातल्या पाण्याच्या लाईनला शिशाविना सोल्डर लागतं, आणि इंदूरला तांबं जोडणारा हात बहुतेक एसीवाल्याचा सापडतो, प्लंबरचा कमीच.

स्टेनलेसचा पाईप पातळ असतो आणि प्रेस मशीननं जोडतात, आत रबरी ओ-रिंग असते, आग नाही सोल्युशन नाही, काम पटकन होतं. जोड दाबायचा राहून गेला तर टेस्टमध्येच गळतो, निदान चांगल्या फिटिंगमध्ये तशी सोय असते. त्याचा शत्रू क्लोराइड आहे. ३०४ ग्रेड थंड पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो असं धरतात, गरम पाण्यात ही मर्यादा बरीच खाली येते, ३१६ मात्र थंडीत १००० पर्यंत जातो. आता पिण्याच्या पाण्याच्या मानकातच क्लोराइड २५० पर्यंत चालतं, नाइलाज असेल तर १००० पर्यंत, म्हणजे पाणी पिण्यालायक असूनही ३०४ ला जड जाऊ शकतं. त्यामुळं बोअरचं पाणी येत असेल तर लॅबमधून क्लोराइड तपासून घ्या आणि सोलरसाठी सरळ ३१६ घ्या. टाइल बसवल्यावर मिस्त्री जो ॲसिडनं फरशी धुतो ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते उघड्या स्टीलवर उडालं की महिन्याभरात तपकिरी ठिपके दिसतात, तिथूनच पुढं बारीक भोकं.

पाणी लवकर गरम यावं म्हणून तांबं घ्या, प्लास्टिक उष्णता धरतं म्हणून ते घ्या, अशा दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं. उघडा पाईप कशाचाही असो, आतलं पाणी उभं राहिलं की निवतंच. नळ उघडल्यावर किती वाट बघायची हे आतल्या पाण्यावर ठरतं. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला साधारण पाव लिटर मावतं, १४ मीटरला साडेतीन लिटर, मिनिटाला ६ लिटरचा नळ असेल तर ३५ सेकंद वाट. अर्ध्या इंचीत हेच निम्म्याहून कमी होतं, पण सोलरच्या कमी दाबावर अर्ध्या इंचीची धार बारीक पडते, म्हणून उभी लाईन पाऊण इंची आणि बाथरूमच्या आतली अर्धा इंची हा मधला मार्ग. वर ९ किंवा १३ मिलिमीटरचं काळं नायट्राइल फोम, आणि उन्हात त्यावर ॲल्युमिनियम टेप, नाहीतर फोम दोन उन्हाळ्यांत चुरा होतं. फोम न लावलेला सीपीव्हीसी उन्हात ठेवायचा असेल तर त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नको, त्यातलं थिनर प्लास्टिकला मानवत नाही.

सीपीव्हीसी बसवताना सोल्युशन सीपीव्हीसीचंच हवं, यूपीव्हीसीचं चालवून घेतलं तर थंड टेस्ट पास होते आणि गरम पाण्यात जोड सुटतो. कापल्यावर कडा साफ करायची, सोल्युशन दोन्हीकडं लावून पाव फेरा फिरवायचा आणि दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचं. पितळी आट्यांना टेफ्लॉन टेप लावा, सफेदा-सुतळी नाही. गीझरच्या तोंडाशी थेट प्लास्टिक नको, एक फूटभर धातूचा तुकडा किंवा स्टीलचा कनेक्शन पाईप ठेवा. भिंतीतला खाचा बुजवण्याआधी हातपंपानं कामाच्या दाबाच्या दीडपट दाब भरून २४ तास काटा बघतात, आणि शक्य असेल तर मग गीझर लावून गरम पाण्याचीही फेरी देतात, कारण चुकीच्या सोल्युशनचा जोड त्यातच पकडला जातो.