ट्यूटोरियलवरून चेकलिस्ट

लांबलचक ऑनलाइन ट्यूटोरियलमधली कृती, तिचा मूळ क्रम आणि धोक्याच्या सूचना कायम ठेवून, क्रमांक घातलेल्या छोट्या पायऱ्यांत उतरवणे म्हणजे ट्यूटोरियलवरून चेकलिस्ट करणे. ही यादी काम करताना शेजारी ठेवायची असते. सारांशापेक्षा ती वेगळी पडते ती इथेच. सारांश लिहिणारा महत्त्वाचे पुढे घेतो आणि किरकोळ वाटेल ते गाळतो. चेकलिस्टमध्ये मात्र सातवी पायरी सातवी का आहे यालाच अर्थ असतो, आणि मूळ मजकुरात कंसात आलेले एखादे वाक्य कधीकधी अख्ख्या पानापेक्षा मोलाचे ठरते.

अशा याद्यांचे मूळ विमानांत आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत, ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना शेपटाकडच्या हलत्या फळ्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावतात ती अडसर काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांच्या हाती उड्डाणापूर्वीची लेखी यादी आली. विमानांच्या पुस्तिकांनी पुढे आणखी एक शिस्त घालून दिली. माणसाला इजा होईल अशी सूचना, यंत्राचे नुकसान होईल अशी सूचना आणि नुसती माहिती असे तीन वेगळे मथळे त्यांत असतात, आणि पहिल्या दोन प्रकारच्या सूचना त्या-त्या पायरीच्या आधी छापतात. घरी केलेल्या चेकलिस्टलाही हीच शिस्त लागते, कारण पायरी करून झाल्यावर वाचलेल्या इशाऱ्याचा उपयोग फक्त हळहळण्यापुरता उरतो.

अडचण अशी की ट्यूटोरियल लिहिणारा या शिस्तीने लिहीत नाही. तो बोलत बोलत सांगतो. एखादी गोष्ट त्याला जिथे आठवते तिथे तो ती लिहितो, आणि धोका बहुधा पायरी सांगून झाल्यावर आठवतो. म्हणून ‘मूळ क्रम ठेवा’ या नियमात दोन वेगळे क्रम मिसळलेले असतात : सांगण्याचा क्रम आणि करण्याचा क्रम. चेकलिस्टमध्ये करण्याचा क्रम जसाच्या तसा राखायचा असतो. सांगण्याच्या ओघात मागे पडलेली सूचना उचलून ती ज्या पायरीला राखते तिच्या आधी ठेवली, तर क्रम मोडत नाही, उलट लेखकाच्या मनात होता तो क्रम कागदावर येतो. पायऱ्यांची आपापसात अदलाबदल मात्र आपल्या समजुतीने करू नये. दोन पायऱ्या ‘कशाही केल्या तरी चालतील’ असे वाटते तेव्हा त्यांतला संबंध आपल्याला दिसलेला नसतो, असेच धरून चालावे.

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर शेजारी उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवण्याचे ट्यूटोरियल हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण त्यात परत न फिरता येणाऱ्या जागा खऱ्याखुऱ्या आहेत. अशा ट्यूटोरियलचा साचा साधारण ठरलेला असतो. फाइल उतरवून घ्या, पेन ड्राइव्ह तयार करा, विंडोजमध्ये डिस्कवर जागा मोकळी करा, लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करा, इन्स्टॉलर चालवा. मग लॅपटॉपच्या बूट सेटिंगवरच्या परिच्छेदात, सीक्युअर बूटबद्दल सांगून झाल्यावर, शेवटी कुठेतरी वाक्य येते : ‘तुमच्याकडे बिटलॉकर चालू असेल तर विंडोज पुढच्या वेळी रिकव्हरी की मागेल, म्हणून ती आधीच घेऊन ठेवलेली बरी.’ बिटलॉकर म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. वाक्यात ‘आधीच’ आहे, पण ते आले आहे नंतर. वाचत वाचत काम करणारा माणूस तोवर सेटिंग बदलून बसलेला असतो. लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, म्हणजे दुसरा फोन किंवा संगणक आणि खात्याचा पासवर्ड हाताशी असेल तर सुटका होते. किल्ली कुठेच नसेल तर त्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे परत मिळत नाहीत. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूपबंद करणे मालकाने काहीही न करता चालू झालेले असते, त्यामुळे ‘मी बिटलॉकर कधी लावलाच नाही’ या खात्रीवर ही पायरी सोडता येत नाही.

त्या ट्यूटोरियलचा मधला तुकडा चेकलिस्टमध्ये असा उतरतो. पेन ड्राइव्ह तयार झाला आहे, अजून लॅपटॉप विंडोजमध्येच चालू आहे :

५. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्या प्रतीतल्या दोन फायली उघडून पाहा.

६. कमांड प्रॉम्प्ट ‘Run as administrator’ करून उघडा आणि C: कुलूपबंद आहे का ते बघा :

```
manage-bde -status C:
```

७. ‘Fully Decrypted’ दिसले तर थेट ९ वर जा. नाहीतर पुढची कमांड देऊन ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्या. इशारा : किल्लीची फाइल याच लॅपटॉपवर ठेवली तर गरजेच्या वेळी ती उघडता येणार नाही.

```
manage-bde -protectors -get C:
```

८. बिटलॉकर बंद करा. दक्षता : याला बराच वेळ लागू शकतो; ६ मधली कमांड पुन्हा देऊन ‘Fully Decrypted’ दिसेपर्यंत ९ सुरू करू नका.

९. पॉवर ऑप्शन्समधली ‘Turn on fast startup’ ही खूण काढा.

१०. डिस्क मॅनेजमेंटमध्ये C: वर ‘Shrink Volume’ निवडा आणि `51200` हा आकडा घाला. टीप : आकडा एमबीमध्ये आहे, म्हणजे ५० जीबी.

११. ‘Shut down’ करा. लॅपटॉप पूर्ण बंद झाल्यावरच पेन ड्राइव्ह लावा.

हा तुकडा मूळ मजकुरापेक्षा फार लहान नाही, हे लक्षात येईल. चेकलिस्ट करताना गळते ते लेखकाचे अनुभवकथन, पडद्याची चित्रे आणि लिनक्सच्या दोन प्रकारांची तुलना. अट गळत नाही, आकडा गळत नाही, ‘इतके दिसेपर्यंत थांबा’ हे गळत नाही. नवव्या पायरीचे कारण इथे दिलेले नाही, तरी ते ठाऊक असलेले चांगले : फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलेच राहते आणि त्याच्या विभागावर लिनक्समधून काही लिहिले तर फायली बिघडू शकतात. ते कारण ट्यूटोरियलमध्ये वाचावे. यादीत पायरी आणि तिची जागा पुरते.

मराठीत यादी लिहिताना भाषेमुळे दोन फसगती होतात आणि दोन्ही सवयीने टाळता येतात. पहिली आपल्या ‘ऊन’ची. ‘फाइल उतरवून, तपासून पेन ड्राइव्हवर लिहा’ हे वाक्य कानाला गोड लागते, पण त्यात तीन कामे आहेत आणि खूण करायला चौकट एकच. घाईत मधले ‘तपासून’ सुटते. मग अर्धवट उतरलेली फाइल पेन ड्राइव्हवर जाते आणि इन्स्टॉलर मध्येच अडकल्यावर दोष लॅपटॉपला दिला जातो. तपासणे ही स्वतंत्र पायरी हवी. विंडोजमध्ये ती अशी होते, आणि येणारी अक्षरे उबुंटूच्या पानावर दिलेल्या अक्षरांशी जुळली पाहिजेत :

```
certutil -hashfile ubuntu.iso SHA256
```

दुसरी फसगत ‘नका’ची. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘Erase disk and install Ubuntu हा पर्याय निवडू नका’ असे लिहिले की पडद्यावर शोधणाऱ्या डोळ्याला आधी पर्यायाचे नाव सापडते, ते पडद्यावरही दिसते आणि बोट तिकडे वळते. तो पर्याय संपूर्ण डिस्क पुसतो, विंडोजसकट. म्हणून अशा जागी पायरीत निवडायचा पर्याय लिहावा, ‘Install Ubuntu alongside Windows Boot Manager निवडा’, आणि नकाराची ओळ तिच्या वर, ‘इशारा’ या शब्दाने सुरू होणारी ठेवावी. बटणांची नावे पडद्यावर जशी दिसतात तशीच ठेवायची असतात. ‘डिस्क पुसा’ असे भाषांतर केले तर वाचणाऱ्याला ते बटण पडद्यावर सापडत नाही.

यादी पुरी झाली की नाही हे मोजून कळते. मूळ ट्यूटोरियल पुन्हा वरून खाली वाचताना फक्त इशाऱ्याचे आणि अटीचे शब्द शोधायचे : इंग्रजीत before, make sure, unless, only if, do not, मराठीत आधी, मात्र, नाहीतर, तरच, नका. सापडलेल्या प्रत्येक वाक्यापुढे आपल्या यादीतला क्रमांक लिहायचा. ज्या वाक्यापुढे क्रमांक लिहिता आला नाही ते गळलेले असते. एखाद्या वाक्यापुढचा क्रमांक मूळ जागेच्या पुढचा निघाला तर इशारा खाली घसरलेला असतो, आणि हे अधिक वाईट, कारण तो यादीत आहे असे वाटत राहते. त्यानंतर यादी अशा कुणाला तरी वाचायला द्यावी ज्याने ट्यूटोरियल पाहिलेले नाही. तो जिथे ‘म्हणजे कुठे?’ असे विचारतो तिथे एक पायरी कमी आहे.

यादी नेहमी कागदावर किंवा फोनवर असावी, ज्या यंत्रावर काम चालले आहे त्याच्यावर नाही. उबुंटूच्या उदाहरणात अकराव्या पायरीला लॅपटॉप बंदच होतो आणि त्याच्यावर उघडी ठेवलेली यादीही त्याच्याबरोबर जाते. यादीच्या डोक्यावर ट्यूटोरियलची तारीख आणि आवृत्ती लिहावी. इन्स्टॉलरचे पडदे आवृत्तीगणिक बदलतात, आणि यादीतले नाव पडद्यावर दिसेनासे झाले तर अंदाजाने जवळचे बटण न दाबता तिथेच थांबून मूळ पान उघडायचे, ही सूचना यादीच्या वरच लिहिलेली बरी. संगणकाला काय वाटते आहे हे यादी सांगू शकत नाही. ठरलेल्या वाटेवर काय अपेक्षित आहे तेवढेच ती सांगते. म्हणूनच ‘काय दिसले पाहिजे’ हे प्रत्येक धोक्याच्या पायरीशी लिहायचे.

काही सूचना मात्र खरोखरच शेवटच्या असतात आणि त्या वर ओढायच्या नसतात. उबुंटू बसवल्यावर विंडोजमध्ये परत गेले की भारतात घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात यूटीसी ही जागतिक प्रमाण वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, त्यामुळे हे होते. बिघाड झालेला नसतो. उबुंटूमध्ये ही कमांड दिली की दोन्हीकडे वेळ जुळते :

```
timedatectl set-local-rtc 1
```

ही पायरी यादीत सर्वांत खाली, ‘टीप’ या मथळ्याखाली येते. बसवण्याच्या आधी ती देताच येत नाही, कारण तोवर ती द्यायला उबुंटूच नसते.