चालू कामं निम्मी केली, तरी सायकल टाइम बारा दिवस का हलत नाही

पुण्यात ‘कानबान’ हा शब्द हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या तोंडी येण्याआधी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत रुळला होता. बिन रिकामा झाला की कार्ड मागच्या स्टेशनला जातं आणि तिथे तेवढेच भाग तयार होतात. ही पद्धत टोयोटातली. ताईइची ओनो यांनी ती 1953 च्या सुमारास तिथल्या मशीन शॉपमध्ये सुरू केली. कार्ड नसेल तर भाग बनवायचा नाही, त्यामुळे फिरती कार्डं जितकी, तितकाच माल अडकून राहतो. मर्यादेचा वेगळा नियम लिहावाच लागत नाही.

या मर्यादेचा वेळेशी संबंध कसा, याचं गणित दुसरीकडून आलं. रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ, `L = λW`, हे सूत्र जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं. कामांची कार्डं लावलेल्या बोर्डाच्या भाषेत, सायकल टाइम म्हणजे काम उचलल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, आणि तो येतो चालू कामं भागिले रोज संपणारी कामं इतका. मात्र हे सरासरीचं आणि स्थिर प्रवाहाचं सूत्र आहे. जितकं काम आत येतं तितकंच बाहेर पडत असेल, तेव्हाच ते बोर्डावर सरळ लावता येतं. ही अट पुढे महत्त्वाची ठरते.

सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना आली ती थेट भारतातल्या टीमवर. डेव्हिड अँडरसन यांनी 2004-05 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या हैदराबादच्या गटासाठी हातातल्या कामांवर मर्यादा आणली, आणि सुमारे पाच महिने लागणारी मागणी दोनेक आठवड्यांत पूर्ण होऊ लागली. याचं सगळं श्रेय मर्यादेला देणं चूक आहे. प्रत्येक मागणीचा आधी अंदाज काढण्यात गटाची मोठी ताकद जात होती, तेही त्याच वेळी बंद केलं गेलं.

आता हिंजवडीतल्या एखाद्या सपोर्ट टीमचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि रिलीज मिळून 24 कार्डं चालू आहेत, रोज 2 संपतात, म्हणजे सायकल टाइम 12 कामाचे दिवस. ठरतं की डेव्हलपमेंटला 6, टेस्टिंगला 4, रिलीजला 2, एकूण 12. आधीची कामं रद्द करायची नाहीत, फक्त 12 वर येईपर्यंत नवीन उचलायचं नाही. रोज 2 संपतच राहिली तर याला सहा दिवस लागतात.

सायकल टाइमचा आलेख मात्र हलत नाही. सायकल टाइम काम संपल्यावर मोजला जातो, आणि सध्या संपणारी कार्डं जुन्या गर्दीत शिरलेली असतात. आधी आलेलं आधी संपतं असं धरलं, तर बाराव्या दिवसापर्यंत संपणारं प्रत्येक कार्ड 12 दिवसांचंच असतं. सातव्या दिवसापासून उचललेली कार्डं तेराव्या दिवसापासून संपू लागतात आणि आकडा एकदम 6 वर येतो. प्रत्यक्षात तर तो आधी वरही जातो, कारण नवीन घेता येत नाही म्हटल्यावर लोक महिनाभर अडलेली कार्डं मोकळी करतात. चालू कार्डांचं सरासरी वयसुद्धा या काळात फसवतं. नवी कार्डं येत नसल्याने ते पहिल्या सहा दिवसांत 6 वरून 9 वर जातं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहाच, त्यामुळे स्प्रिंटअखेर आलेख पाहून मर्यादा काढून टाकणारा मॅनेजर परिणाम दिसण्याआधीच निर्णय घेतो. या काळात पाहायचं ते एवढंच: चालू कार्डं रोज कमी होताहेत ना, आणि रोज 2 संपताहेत ना?

दुसरा आकडा पडला तर मर्यादा फार आवळली आहे. समजा एकूण 6 वर आणली आणि टेस्टिंगवाल्यांच्या हाती वेळोवेळी काहीच उरलं नाही. रोज 1.2 कार्डंच संपू लागली, तर सायकल टाइम 5 दिवस होतो. एका दिवसासाठी चाळीस टक्के काम गमावलं. म्हणून मर्यादा एकेकाने कमी करावी, आणि दर बदलानंतर जुनी कार्डं पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबावं.

आणखी एक जागा तपासायला हवी. असा बोर्ड ज्यात ठेवतात त्या जिरा या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ओलांडली की कॉलम लाल होतो, कार्ड मात्र आत जातंच. मग मर्यादा पाळल्याचं दिसावं म्हणून ‘ब्लॉक्ड’ किंवा ‘क्लायंटकडे’ असा बिनमर्यादेचा कॉलम उघडला जातो. तिथे 9 कार्डं साचली, तर चालू कामं 12 नाहीत, 21 आहेत. घड्याळ त्या कॉलममध्ये थांबवलं असेल, तर आलेखात 6 दिवस दिसत राहतील, आणि क्लायंटला मात्र काम साडेदहा दिवसांनी मिळेल.