दाढांची झीज आणि सांगाड्याचं वय

जुन्या दफनभूमीत सापडलेला माणूस मेला तेव्हा किती वर्षांचा होता हे ठरवायच्या पद्धतींपैकी दाढांची झीज बघणं ही एक. मुलांचं वय कुठला दात कधी येतो यावरून बऱ्यापैकी कळतं, पण अक्कलदाढ आली की ती सोय संपते, आणि मोठ्यांच्या बाबतीत मग झीज बघावी लागते. दाढेवरचे उंचवटे आधी सपाट होतात, मग त्यांच्या टोकांशी एनॅमल संपून आतलं डेंटिन पिवळट-तपकिरी ठिपक्यांसारखं दिसायला लागतं, ठिपके मोठे होत एकमेकांना मिळतात, आणि शेवटी कडेला नुसती एनॅमलची कड उरते.

नुसती झीज बघून वय सांगता येत नाही, कारण झिजण्याचा वेग अन्नावर असतो. भरड, जात्याच्या दगडाची कच मिसळलेलं अन्न खाणाऱ्यांची दाढ पंचविशीत जेवढी झिजते तेवढी मऊ अन्न खाणाऱ्यांची म्हातारपणीही झिजत नाही. म्हणून वेग त्याच लोकसमूहातून काढावा लागतो. ए. ई. डब्ल्यू. माइल्स यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे इंग्लंडमधल्या ब्रीडन-ऑन-द-हिल इथल्या अँग्लो-सॅक्सन सांगाड्यांवर करून दाखवलं, आणि पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्यांची युक्ती अशी. पहिली दाढ साधारण ६व्या वर्षी येते, दुसरी १२व्या आणि तिसरी म्हणजे अक्कलदाढ १८व्या वर्षी धरली. म्हणजे एकाच तोंडात शेजारीशेजारी तीन वेगवेगळ्या वर्षांची झीज बघायला मिळते. समजा एका जबड्यात अक्कलदाढ नुकतीच वर आलीये, तर माणूस १८चा, त्याच्या पहिल्या दाढेला १२ वर्षं वापर झालेला. आता दुसऱ्या एका प्रौढ जबड्यात दुसरी दाढ नेमकी तेवढीच झिजलेली दिसली, तर तिलाही साधारण १२ वर्षं झाली असावीत. पण माइल्सना वाटलं की मागच्या दाढा जरा सावकाश झिजतात, आणि त्यांनी प्रमाण ६ : ६.५ : ७ असं धरलं, म्हणजे पहिली दाढ ६ वर्षांत जेवढी झिजते तेवढं झिजायला दुसरीला साडेसहा आणि तिसरीला ७ वर्षं लागतात. त्या हिशोबाने या दुसऱ्या दाढेचा वापर १३ वर्षांचा, आणि १२ अधिक १३, वय २५. पडताळा तिसऱ्या दाढेवर घ्यायचा: तिला ७ वर्षं झालेली असणार, म्हणजे ती १२ वर्षांच्या मुलाच्या पहिल्या दाढेएवढी झिजलेली दिसायला हवी. जुळलं तर पुढे जायचं, कारण आता या जबड्यातली पहिली दाढ १९ वर्षं झिजलेली आहे हे कळलंय, आणि तिच्याशी जुळणारी दुसरी दाढ असलेला माणूस ३२-३३चा निघतो. असं पायरीपायरीने वर चढायचं.

वादाचा मुद्दा इथेच आहे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असल्याने खालची चूक वर वाढत जाते, म्हणून मुलांचे आणि विशीच्या आतले जबडे भरपूर नसतील तर पद्धत लंगडी पडते. आणि ६ : ६.५ : ७ हे प्रमाण सगळ्या समूहांना लागू पडेल असं मानायला फारसा आधार नाही, ते त्या त्या संग्रहातून तपासून घेणं जास्त बरं वाटतं. वेग आयुष्यभर सारखा राहतो हेही गृहीतच आहे. डेंटिन मऊ असल्याने ते उघडं पडल्यावर झीज वेगाने होऊन मधे खळगा होतो, म्हणजे वेग सारखा राहत नाही.

डॉन ब्रॉथवेल यांचा १९६३चा तक्ता जास्त वापरला जातो, कारण तो सोपा आहे: चित्राशी दाढ जुळवा आणि साधारण १७-२५, २५-३५, ३५-४५, ४५च्या पुढे यातला एक गट निवडा. पण तो ब्रिटनमधल्या नवाश्मयुग ते मध्ययुग एवढ्या काळातल्या सांगाड्यांसाठी केलेला आहे, दुसरीकडे तसाच लावला तर अंदाज चुकायची शक्यता बरीच. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या क्राइस्ट चर्चच्या तळघरात शवपेट्यांवरच्या पाट्यांमुळे (१७२९ ते १८५२) खरी वयं माहीत होती, तिथल्या लोकांची झीज इतकी कमी की असा तक्ता लावून उपयोग नाही.

जबडा हातात घेतल्यावर आधी विरुद्ध जबड्यातली समोरची दाढ जिवंतपणी पडली होती का ते बघायचं. पडली असेल तर त्या जागचं हाड भरून गुळगुळीत झालेलं असतं आणि तिच्यासमोरची दाढ घासायला काही नसल्याने कमी झिजते, बरेचदा शेजारच्यांपेक्षा उंच वाढलेली दिसते. तिच्यावरून काढलेलं वय खऱ्यापेक्षा कमी येतं. एका बाजूने चावायची सवय असेल तर डावी-उजवी बाजू वेगळी दिसते, म्हणून दोन्ही बाजू नोंदवतात. पन्नाशीच्या पुढे बऱ्याच समूहांत पहिली दाढ एकतर पडलेली असते किंवा मुळापर्यंत घासलेली, आणि तिथून पुढे '४५+' एवढंच लिहितात.