१२.६ व्होल्ट दाखवूनही बॅटरी दगा का देते?

‘१२.६ व्होल्ट दाखवतेय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे,’ असं गॅरेजवर सर्रास ऐकू येतं. त्यावरून कळतं ते इतकंच, की बॅटरी चार्ज आहे. व्होल्टमीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि प्रवाह नसला की बॅटरीच्या आतला रोध समोर येत नाही. स्टार्टरला मात्र शंभर-दीडशे ॲम्पिअर लागतात.

लोड टेस्टर तेवढा प्रवाह खरोखर ओढून बघतो. समजा, बॅटरीचं सीसीए, म्हणजे थंडीत स्टार्ट देण्याची क्षमता, ३०० ॲम्पिअर आहे. तर निम्मा, म्हणजे १५० ॲम्पिअरचा लोड १५ सेकंद द्यायचा. साधारण २१ अंश सेल्सिअसला व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरी नापास. मात्र ती आधी चार्ज केलेली हवी. उतरलेली बॅटरी चांगली असूनही नापास होते.

हल्ली सगळीकडे दिसतो तो छोटा कंडक्टन्स मीटर. मिनेसोटा विद्यापीठाचे कीथ चॅम्पलिन यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. मीटर बॅटरीला अगदी सौम्य उलटसुलट प्रवाहाचा संकेत देतो आणि तिचा प्रतिसाद मोजतो. प्रवाह जितका सहज वाहील, तितका कंडक्टन्स जास्त. तो प्लेटच्या कामात येणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. बॅटरी बराच काळ अर्धवट चार्जवर राहिली, की प्लेटवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात. ते वीज नीट वाहू देत नाहीत, आणि ॲसिडला शिशाच्या पदार्थापर्यंत पोचायला जागा कमी उरते. त्यात पॉझिटिव्ह प्लेटची जाळी गंजत जाते. कंडक्टन्स घसरतो, तो यामुळे. म्हणूनच बॅटरी ‘पुन्हा तरुण’ करणाऱ्या पावडरींवर माझा विश्वास नाही: गंजलेली जाळी किंवा तळाशी गळून पडलेला पदार्थ त्यांनी परत जागेवर येत नाही.

मीटर फसतो कुठे? दोन सेलना जोडणारा शिशाचा पूल आतून तडकला असेल, तर सौम्य संकेत त्यातून आरामात जातो आणि पडद्यावर ‘गुड’ उमटतं. १५० ॲम्पिअर ओढताच तोच पूल उघडा पडतो आणि व्होल्टेज धाडकन कोसळतं. हा दोष लोड टेस्टरच पकडतो. शिवाय कंडक्टन्सवरून स्टार्ट देण्याची ताकद बरी कळते. पण इंजिन बंद असताना दिवे किती तास जळतील, ते तितकं कळत नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडची. बऱ्याच बॅटऱ्यांवर ३५ एएच, म्हणजे ॲम्पिअर-तास, असं छापलेलं असतं, सीसीए नसतंच. कंडक्टन्स मीटरला मात्र सीसीए सांगावं लागतं, मग मेकॅनिक अंदाजाने आकडा टाकतो. ३०० ऐवजी ४०० टाकला, तर चांगली बॅटरीही मोडीत निघते. म्हणून मीटरवर ‘रिप्लेस’ आलं, की आधी पूर्ण चार्ज करून, थोडा वेळ हेडलाइट लावून वरवरचा चार्ज उतरवावा, टर्मिनल घासावेत, बॅटरीचा प्रकार आणि आकडा तपासावा आणि मग पुन्हा मोजावं.